फोटोतल्या सर्किटमध्ये नेमका कुठला डायोड चालू आहे? आणि करंट किती?

तिसरं_सेमिस्टर

ब्रेडबोर्डचा फोटो जोडला आहे. पिवळ्या बल्बखाली काढलाय, त्यामुळे रंग नीट आलेले नाहीत, म्हणून जोडणी शब्दांत देते.

+१२ व्होल्टपासून आर१ (१० के) बिंदू अ पर्यंत. अ ला दोन डायोडचे अ‍ॅनोड एकत्र जोडलेत. डी१ चा कॅथोड सरळ ग्राउंडला. डी२ चा कॅथोड बिंदू ब ला, आणि ब पासून आर२ (५.६ के) उणे १२ व्होल्टला. दोन्ही डायोड ४१४८.

जर्नलमधलं उत्तर: डी१ बंद, डी२ चालू, करंट १.४९ मिलीअँप. मला हे पटत नाही. अ ला वरून १२ व्होल्ट येतात आणि डी१ चा कॅथोड ग्राउंडवर आहे, मग तो बंद कसा राहील? शिवाय मीटरवर ग्राउंड ते अ +०.५८ व्होल्ट दिसतात, म्हणजे डी१ चालूच आहे ना? जर्नल चुकलंय की माझा मीटर?

---

शॉर्टकट_सर

एवढं गणित कशाला? नियम सोपा आहे. अ‍ॅनोड एकत्र असतील तर ज्याचा कॅथोड जास्त खाली तो डायोड जिंकतो, दुसरा बंद. डी१ चा कॅथोड शून्यावर, डी२ चा उणे १२ कडे. डी२ जिंकला. जर्नल बरोबर. मीटरची बॅटरी बदला.

---

टेस्टर

सर, मीटरची बॅटरी उतरली की स्वस्तातला मीटर आकडे वाढवून दाखवतो. उण्याचं अधिक करत नाही. तेवढी हुशारी त्याच्यात नसते.

---

ओमचा_नियम

आधी कागदावर सोडवू, मग फोटोकडे येऊ.

"अ ला १२ व्होल्ट येतात" इथे पहिली अडचण आहे. १२ व्होल्ट आर१ च्या वरच्या टोकाला आहेत. अ ला किती राहतील ते आर१ मधून किती करंट वाहतो त्यावर ठरतं, आणि तेच तर शोधायचंय. म्हणून अशा सर्किटमध्ये डोळ्यांनी ठरवू नका. एक गृहीत धरा, सोडवा आणि शेवटी गृहीत टिकतं का ते तपासा.

समजा दोन्ही चालू. मग अ = ०.७ आणि ब = ०.७ − ०.७ = ०.

आर१ चा करंट: (१२ − ०.७) ÷ १० के = १.१३ मिलीअँप
आर२ चा करंट: (० + १२) ÷ ५.६ के = २.१४ मिलीअँप

अ ला वरून १.१३ येतोय आणि डी२ मधून २.१४ खाली जातोय. उरलेला १.०१ कुठून येणार? डी१ मधून उलटा, म्हणजे ग्राउंडकडून अ कडे. डायोड तसा करंट देत नाही. गृहीत मोडलं.

आता डी१ बंद, डी२ चालू धरू. +१२ पासून −१२ पर्यंत एकच वाट उरली:

(२४ − ०.७) ÷ १५.६ के = १.४९ मिलीअँप
अ = १२ − १४.९४ = −२.९४ व्होल्ट
ब = −३.६४ व्होल्ट

डी१ चा अ‍ॅनोड −२.९४ वर, कॅथोड शून्यावर. उलटा बायस, म्हणजे बंदच. गृहीत टिकलं, उत्तर पक्कं.

तेव्हा लिहिलेल्या किमती खऱ्या असतील तर जर्नल बरोबर आहे. पण मग मीटरवर अ ला साधारण उणे ३ दिसायला हवं होतं. +०.५८ दिसतंय, म्हणजे बोर्डावर जे आहे ते जर्नलमधलं सर्किट नाही.

---

शॉर्टकट_सर

म्हणजे माझंच उत्तर आलं. दोन ओळींत.

---

ओमचा_नियम

उत्तर जुळलं, नियम नाही. डी२ चा कॅथोड उणे १२ ला बांधलेला नाही, मध्ये आर२ आहे. आर२ वाढवत नेला की ब वर सरकतो. अ ०.७ वर असताना आर१ १.१३ मिलीअँपच देऊ शकतो. आर२ ला तेवढाच लागेल अशी किंमत काढा: १२ ÷ १.१३ = १०.६ के. आर२ याच्या खाली असेल तर डी१ बंद, वर असेल तर दोन्ही चालू. तुमचा नियम सांगतो की आर२ कितीही असो, डी१ बंदच. एक मेग लावला तरी बंद?

---

शॉर्टकट_सर

परीक्षेत एक मेग कोण देतं?

---

दुरुस्ती_ताई

कागद बाजूला ठेवून बोर्डाकडे बघू. ताई, अशा वाचनाची दोन-तीन नेहमीची कारणं असतात.

लांब ब्रेडबोर्डवर लाल-निळ्या रेषांच्या ज्या सप्लाय पट्ट्या असतात त्या बऱ्याच बोर्डांत मधोमध तुटलेल्या असतात. छापलेली रेषाही तिथे खंडित असते. तुमच्या फोटोत उणे १२ ची वायर डाव्या अर्ध्यात आहे आणि आर२ चा पाय उजव्या अर्ध्यात दिसतोय. मध्ये जंपर दिसत नाही. पट्टी तुटकी असेल तर आर२ हवेत, डी२ मध्ये करंटच नाही, आणि सगळा करंट डी१ मधून. अ ला ०.५८ च्या आसपासच येईल.

दुसरं, ड्युअल सप्लाय. दोन भाग वेगवेगळे असतील तर पहिल्याचा उणे आणि दुसऱ्याचा अधिक एकत्र करून तोच ग्राउंड धरावा लागतो. बरेच जण तो जोड विसरतात आणि पॅनेलवरच्या हिरव्या अर्थच्या टर्मिनललाच ग्राउंड समजतात. ते टर्मिनल बहुतेक सप्लायमध्ये फक्त खोक्याच्या पत्र्याला असतं, आउटपुटला नाही.

ग्राउंड ते ब किती दिसतंय ते मोजून सांगा. पट्टी तुटकी असेल तर ब जवळजवळ अ एवढाच, ०.४-०.५ दिसेल, कारण तिथे फक्त मीटर स्वतः घेतो तेवढाच नॅनोअँपमधला करंट वाहील. पट्टी सलग असेल तर ब शून्याजवळ येईल.

---

बॅकअप_हवा

माझा साधारण हाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. राउटरला १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी, दोन्हींच्या अधिकला एकेक डायोड लावून कॅथोड एकत्र केलेत. लाइट गेली की बॅटरीने चालावं एवढीच अपेक्षा. पण लाइट असतानाही अडॅप्टरमधून काहीच करंट जात नाही, सगळा बॅटरीकडून येतो. अडॅप्टर खराब म्हणावा तर एकटा लावल्यावर राउटर चालतो.

---

तिसरं_सेमिस्टर

ताई, पट्टी तपासली. मधला जंपर आहे, फोटोत वायरखाली लपलाय. सप्लायचा जोडही बरोबर आहे: ग्राउंडपासून एकीकडे +१२.०, दुसरीकडे −१२.०. आणि ग्राउंड ते ब +०.०७ येतंय.

---

दुरुस्ती_ताई

०.०७ म्हणजे डी२ मधून खरोखर करंट वाहतोय. दोन्ही डायोड चालू आहेत.

---

ओमचा_नियम

आणि दोन्ही चालू असायला आर२ हा १०.६ के च्या वर हवा, किंवा आर१ बराच लहान हवा. ५.६ आणि १० या जोडीने हे वाचन येऊच शकत नाही. रेझिस्टरच चुकीचा लागलाय. कुठला, एवढंच शोधायचं.

---

रंगपट्टी

फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही रेझिस्टर फिकट अंगाचे, चार पट्ट्यांचे, शेवटची सोनेरी. आर१ वर तपकिरी, काळी आणि तिसरी. आर२ वर हिरवी, निळी आणि तिसरी. १० के असेल तर आर१ ची तिसरी नारिंगी हवी. ५.६ के असेल तर आर२ ची तिसरी लाल हवी. म्हणजे या दोन तिसऱ्या पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या दिसायला हव्यात. या फोटोत दोन्ही एकसारख्या दिसतात.

पिवळ्या उजेडात लाल की नारिंगी हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने सुधारतो. पण एकाच फोटोत, एकाच उजेडात दोन पट्ट्या सारख्या दिसत असतील तर त्या बहुधा एकाच रंगाच्या आहेत. म्हणून दोनच शक्यता धरतो:

दोन्ही नारिंगी: आर१ १० के, आर२ ५६ के.
दोन्ही लाल: आर१ १ के, आर२ ५.६ के.

पुढच्या वेळी फोटो काढताना शेजारी एक २२० ओमचा रेझिस्टर ठेवा. त्याच्या पहिल्या दोन पट्ट्या लालच असतात, तुलनेला बरं पडतं. नाहीतर सरळ दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी काढा.

---

टेस्टर

सीआयडीत भरती चालू आहे का हो?

---

तिसरं_सेमिस्टर

मग आर१ वरचे व्होल्ट मोजले तर कळेल का दोन्हीतलं कुठलं?

---

ओमचा_नियम

नाही, तीच गंमत आहे. दोन्ही शक्यतांत आर१ वर साधारण ११.३-११.४ व्होल्ट आणि आर२ वर साधारण १२.०७ व्होल्टच येतील, कारण डी१ चालू असला की तो अ ला जागेवर बांधून ठेवतो. ब ची +०.०७ सुद्धा दोन्हीकडे जवळपास तीच येते.

फरक दिसतो तो फक्त अ च्या आकड्यात. करंट काढू.

१० के आणि ५६ के: आर१ मधून १.१४, आर२ मधून ०.२२, म्हणून डी१ मधून ०.९२ मिलीअँप.
१ के आणि ५.६ के: आर१ मधून ११.३, आर२ मधून २.१५, म्हणून डी१ मधून ९.१ च्या पुढे.

म्हणजे डी१ च्या करंटमध्ये दहापट फरक. ४१४८ मध्ये करंट दहापट झाला की त्यावरचे व्होल्ट साधारण ०.१ ने वाढतात. एक मिलीअँपच्या आसपास ०.५८-०.६, दहाच्या आसपास ०.६९-०.७. तुमचं वाचन ०.५८ आहे. माझा कौल १० के आणि ५६ के.

---

शॉर्टकट_सर

सिलिकॉन डायोडला ०.७ असतो. पहिल्या वर्षात शिकवतात. ०.५८ आणि ०.६९ वरून निर्णय घेणं म्हणजे मीटरवर नको इतका विश्वास.

---

दुरुस्ती_ताई

सर, ०.७ हा हिशेबापुरता धरलेला आकडा आहे. खात्री करायची असेल तर मीटरवर विश्वास ठेवायची गरजच नाही, तोच मीटर तुलनेला वापरा. सप्लाय बंद करून डी१ बोर्डावरून काढा आणि मीटरच्या डायोड रेंजवर तपासा. बरेचसे मीटर त्या रेंजवर साधारण एक मिलीअँप सोडतात. तिथे जो आकडा येईल तोच सर्किटमध्येही दिसत असेल तर सर्किटमधला करंटही एका मिलीअँपच्या आसपास आहे. सर्किटमध्ये ०.१ ने जास्त असता तर नऊ-दहा मिलीअँप. मीटर थोडा खोटा असला तरी दोन्हीकडे सारखाच खोटा.

एक मात्र नक्की पाळा. डायोड बोर्डावर असताना, सप्लाय चालू ठेवून डायोड रेंज लावू नका. मीटर स्वतःचा करंट सोडतो आणि सर्किटचाही त्यात मिसळतो, आलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो.

---

सिम्युलेटर_प्रेमी

ज्यांना बोर्ड हाताशी नाही त्यांच्यासाठी. एलटीस्पाइसमध्ये ही फाइल चालवा, आर२ बदलून पाहा.

```
* two diodes, common anode
V1 p 0 12
V2 n 0 -12
R1 p a 10k
R2 b n 5.6k
D1 a 0 1N4148
D2 a b 1N4148
.model 1N4148 D(Is=2.52n Rs=.568 N=1.752)
.op
.end
```

५.६ के ला `V(a)` साधारण −३.०, `V(b)` −३.६, `I(D2)` १.५० मिलीअँप येतो. `I(D1)` मध्ये उणे काही नॅनोअँप दिसतील, तो उलटा गळणारा करंट आहे, डी१ चालू असल्याची खूण नव्हे. `R2` ला `56k` केलं की `V(a)` ०.५८ आणि `V(b)` ०.०७. मूळ प्रश्नातली वाचनं हुबेहूब.

मॉडेलची ओळ विसरू नका. ती नसेल आणि त्या नावाचं मॉडेल लायब्ररीतही सापडलं नाही तर सिम्युलेशन चालणारच नाही.

---

बीएस्सी_शेवटचं

चांगला धागा. ट्रान्झिस्टरचंही असंच अडलंय. फोटो दिलाय: बीसी५४७, एमिटर ग्राउंडला, बेसला ५ व्होल्टपासून १०० के, कलेक्टरला १२ व्होल्टपासून २.२ के. मीटरच्या एचएफई खाचेत बीटा २०० दिसला. बेस करंट ४.३ ÷ १०० के = ४३ मायक्रोअँप. कलेक्टर करंट २०० पट, म्हणजे ८.६ मिलीअँप. २.२ के वर १८.९ व्होल्ट पडतात. मग कलेक्टरवर १२ − १८.९ = −६.९ व्होल्ट. उणे कसे आले? सूत्र तर बरोबर आहे.

---

ओमचा_नियम

पद्धत तीच. "आयसी म्हणजे बीटा गुणिले आयबी" हे लिहिताना तुम्ही गृहीत धरलंत की ट्रान्झिस्टर अ‍ॅक्टिव्ह आहे. शेवटी तपासलंत, −६.९ आले. खाली कुठेच उणे सप्लाय नाही, त्यामुळे कलेक्टर शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. गृहीत मोडलं. आता सॅच्युरेशन धरा: कलेक्टर ०.२ वर.

आयसी = (१२ − ०.२) ÷ २.२ के = ५.३६ मिलीअँप

आता हे गृहीत तपासा. ५.३६ ला भागिले ०.०४३, म्हणजे १२५. ट्रान्झिस्टरचा बीटा १२५ पेक्षा जास्त असेल तर सॅच्युरेशन टिकतं. तुमचा २०० आहे, टिकलं. करंट ५.३६ मिलीअँप. ८.६ हा करंट २.२ के मधून येणारच नव्हता, ट्रान्झिस्टरची मागणी कितीही असो.

---

शॉर्टकट_सर

परीक्षेत बीटा १०० धरतात. मग आयसी ४.३, कलेक्टरवर २.५४ व्होल्ट, अ‍ॅक्टिव्ह. विद्यार्थ्यांना उगाच गोंधळात टाकू नका.

---

दुरुस्ती_ताई

प्रश्नात १०० दिला असेल तर सरांचं उत्तर बरोबर आहे. पण हे सर्किट १२५ च्या इतकं जवळ आहे की ट्रान्झिस्टर बदलला की उत्तर बदलतं. ५४७ च्या नावापुढे ए असेल तर बीटा ११० ते २२०, बी असेल तर २०० ते ४५०. ए मधला एखादा अ‍ॅक्टिव्हमध्ये राहील, दुसरा सॅच्युरेशनमध्ये जाईल. बी नेहमीच सॅच्युरेशनमध्ये. फोटोत नंतरचं अक्षर दिसत नाही, आणि ते दिसल्याशिवाय फोटो बघून करंट सांगता येणार नाही.

स्विच म्हणून वापरायचा असेल तर बीटाच्या भरवशावर राहूच नका. बेसला कलेक्टर करंटच्या दहाव्या ते विसाव्या भागाएवढा करंट द्या. इथे साधारण ०.४ मिलीअँप, म्हणजे बेसला १०० के ऐवजी १० के.

आणि पाय तपासा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर ५४७ ला डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्लास्टिकच्या २२२२ चे बरेचदा बरोबर उलटे, एमिटर, बेस, कलेक्टर. फोटोत अंगावरचा नंबर वाचता येत नसेल तर याच अंदाजावर सगळं घसरतं. उलटा लागला तरी थोडाफार चालतो, पण बीटा अगदीच कमी मिळतो, म्हणून लोक ट्रान्झिस्टर खराब समजून फेकतात.

---

बीएस्सी_शेवटचं

अक्षर बी आहे. कलेक्टरवर मीटर ०.१४ दाखवतोय.

---

बॅकअप_हवा

राउटरचं कोणी सांगेल का?

---

ओमचा_नियम

सांगतो. बॅटरीला चार्जर कायम जोडलेला आहे का? असेल तर बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट असणार. अडॅप्टरचे १२. कॅथोड एकत्र असले की ज्याचा अ‍ॅनोड वर तो चालू. बॅटरीचा डायोड कॅथोडला जवळपास १३ वर नेऊन ठेवतो, अडॅप्टरच्या डायोडचा अ‍ॅनोड १२ वरच राहतो, तो उलटा बायस. अडॅप्टर खराब नाही, त्याची पाळीच येत नाही.

---

दुरुस्ती_ताई

आणि इथे शॉर्टकट_सरांचा नियम, उलटा करून, चालतो. कारण दोन्ही बाजूंना रेझिस्टर नाही, सरळ ठरलेल्या व्होल्टचे स्रोत आहेत. मूळ प्रश्नात डी२ च्या वाटेत आर२ होता म्हणून चालला नाही.

बॅकअप_हवा, तुमचं बिघडलंय काही नाही, चार्जर कायम असेल तर राउटरचा करंट चार्जरच पुरवतोय. फक्त चार्जर राउटरचा आणि बॅटरीचा असे दोन्ही करंट देण्याएवढा मोठा हवा. छोटा असेल तर बॅटरी कधी पूर्ण भरणारच नाही. चार्जर कायम जोडलेला नसेल तर मात्र बॅटरी आधी उतरेल आणि तिचा डायोड अडॅप्टरच्या पातळीला आला की मग अडॅप्टर थोडा थोडा हातभार लावेल. लाइट जायच्या वेळी बॅटरी अर्धी रिकामी.

---

बॅकअप_हवा

चार्जर आठवड्यातून एकदा लावतो. १ अँपचा आहे. डायोड ४००७.

---

ओमचा_नियम

मग ताईंचं दुसरं वर्णन तुमचं. ४००७ वर एक अँपला जवळपास पाऊण ते एक व्होल्ट जातो, तिथे ५८२२ सारखा शॉटकी लावा, निम्म्याहून कमी जाईल. पण त्याने पाळी बदलणार नाही, दोन्ही बाजूंना तोच डायोड असेल तर तुलना तीच राहते. अडॅप्टरलाच मान द्यायचा असेल तर डायोडने ते जमणार नाही, रिले लागेल. बाकी नवीन धाग्यात विचारा, इथे गुंता होईल.

---

तिसरं_सेमिस्टर

डी१ काढून डायोड रेंजवर पाहिला: ०.५९१. सर्किटमध्ये ०.५८ होते. मग सप्लाय बंद ठेवून आर२ चा एक पाय उपटून ओममध्ये मोजला. ५५.४ के. आर१ तसाच मोजला, ९.९ के.

खणातून नवा ५.६ के घेतला, लावायच्या आधी मोजला (५.५७), आणि लावला. आता अ −३.०१, ब −३.६१.

प्रश्न असा की जर्नलमध्ये १.४९ लिहू की १.५०?

---

सिम्युलेटर_प्रेमी

०.७ धरून हिशेब १.४९. प्रत्यक्षात डायोडवर ०.६ च पडतात म्हणून १.५० च्या आसपास. हिशेबाच्या रकान्यात पहिला, वाचनाच्या रकान्यात मोजलेला.

---

शॉर्टकट_सर

आमच्याकडे आदर्श डायोड धरतात. २४ ÷ १५.६ = १.५४ आणि अ ला −३.३८. तपासणारा हेच शोधेल.

---

दुरुस्ती_ताई

तपासणाऱ्याला आदर्श हवा असेल तर प्रश्नात तसं लिहावं. अ ला −३.०१ मोजून बाजूला −३.३८ लिहिलं तर पोरीने काय समजायचं?

---

शॉर्टकट_सर

की ज्या प्रश्नाची जी पद्धत. असो. शेवटी जर्नल बरोबर ठरलं.

---

ओमचा_नियम

ताई, बोर्ड उभा आहे तोवर आर२ ला १५ के लावा. आधी हिशेब करा: आर२ मधून १२ ÷ १५ = ०.८, डी१ मधून १.१३ − ०.८ = ०.३३ मिलीअँप. दोन्ही चालू. मग १० के लावा. तिथे मजा आहे: हिशेब सांगतो डी१ बंद, अ ला ०.३५. पण ०.३५ व्होल्टवरही ४१४८ मधून पाच-सहा मायक्रोअँप जातात. चालू म्हणायचा की बंद, यावर मी आणि शॉर्टकट_सर पुढचा महिनाभर भांडू शकतो.

---

शॉर्टकट_सर

बंद.

---

रंगपट्टी

तो ५६ के परत ५.६ च्या खणात नका टाकू.

---

बॅकअप_हवा

नवीन धागा काढला. रिलेची कॉइल १२ व्होल्टची घ्यायची आणि अडॅप्टरवर टाकायची, बरोबर? पलटताना राउटर रीस्टार्ट होईल का?

---

ओमचा_नियम

कॉइल अडॅप्टरवर, बरोबर. कॉइलला उलटा एक डायोड लावायला विसरू नका, कॅथोड अधिककडे. रिले पलटायला पाच-दहा मिलीसेकंद लागतात. एक अँपला तेवढ्या वेळात साधारण दोन व्होल्टपेक्षा जास्त घसरू द्यायचं नसेल तर राउटरच्या बाजूला ४७०० मायक्रोफॅरड. बाकी तिकडे लिहितो.